हेअर ड्रायरने चष्म्याची काच काढणे: आठ महिन्यांनंतर

पावसाळ्यात माझ्या ॲसिटेट या प्लॅस्टिकच्या जाड फ्रेमच्या खाचेत हिरवट मळ साचला. काच काढून तो साफ करून देण्याचे चष्मेवाल्याने २५० रुपये सांगितले आणि वर, काचेवर ओरखडा उठला तर जबाबदारी आमची नाही, अशी पुस्तीही जोडली. जबाबदारी माझीच असेल तर पैसे कशाचे, या हिशेबाने मी घरातला हेअर ड्रायर हाती घेतला आणि तेव्हापासून सहा वेळा काच काढून पुन्हा बसवली आहे.

पहिल्या वेळी मात्र मी गरम पाणी वापरले होते. काच निघाली, पण फ्रेमवर पांढुरका डाग उमटला तो अजून गेलेला नाही. ड्रायर मध्यम तापमानावर, वीतभर अंतरावरून सतत हलवत ठेवला, की अर्ध्या-पाऊण मिनिटात कड नरम होते. कड बोटाच्या मागच्या बाजूला लावून पाहावी. चटका सोसवेल इतपतच ती गरम हवी. मग मऊ सुती कापडातून दोन्ही अंगठ्यांनी डोळ्याकडच्या बाजूने काच पुढे रेटावी. माझ्या फ्रेममध्ये कानाकडचा वरचा कोपरा आधी सुटतो. काच हलली नाही तर जोर वाढवू नये, पुन्हा दहा सेकंद ऊब द्यावी. नरम झालेल्या कडेत नख रुतले की त्याचा खड्डा कायमचा राहतो.

ओरखडा उष्णतेने पडतो, असे मला आधी वाटत होते. तो पडतो काचेवर राहिलेल्या धुळीच्या कणामुळे. म्हणून चष्मा आधी साबणाने नळाखाली धुवावा. उष्णतेचा दोष वेगळा आहे, आणि त्याची मला आजही धास्ती वाटते. जुन्या चष्म्यावर मी पूर्ण तापमानाची हवा जवळून सोडली, तेव्हा ट्यूबलाइटच्या प्रतिबिंबात काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा दिसल्या. या काचेचे प्लॅस्टिक तापले की बरेच फुगते, पण त्यावरचा चकाकी कमी करणारा थर तितका ताणला जात नाही आणि तडकतो. ती जाळी कशानेही पुसली जात नाही. तेव्हापासून मी हवा कडेवर तिरकी सोडतो आणि प्रत्येक वेळी काच दिव्याखाली धरून पाहतो, हे जरा अतीच आहे हे मान्य करूनही.

काच काढण्याआधी तिच्या वरच्या टोकाला मार्करने ठिपका द्यावा. सिलिंडरचा नंबर असेल आणि गोल फ्रेममध्ये काच थोडी फिरून बसली, तर त्या नंबराची ठरलेली दिशा, म्हणजे अक्ष, चुकतो आणि डोके दुखू लागते. मी दुसऱ्या वेळी हा ठिपका दिला नव्हता.

बायकोची फ्रेम टीआर-९०ची आहे. ती नायलॉनच्या जातीची असल्याने या उबेने नरमच होत नाही. दोनदा प्रयत्न करून तिची काच मी २५० रुपये देऊन दुकानातूनच काढून घेतली.