व्हिडिओ एडिटरचा रेझ्युमे: वर सॉफ्टवेअर मांडायचं की काम?

व्हिडिओ एडिटरचे रेझ्युमे साधारण दोन तऱ्हांचे असतात. एका तऱ्हेत सगळ्यात वर सॉफ्टवेअरची रांग, शेजारी टक्क्यांच्या पट्ट्या किंवा तारे, आणि खाली कुठे कुठे काम केलं त्याची यादी. दुसऱ्या तऱ्हेत वर तीन-चार कामं. प्रत्येक कामाखाली फॉरमॅट कोणता होता, किती दिवसांत दिलं, कोणासाठी केलं आणि प्रेक्षकांमध्ये काय फरक दिसला. सॉफ्टवेअर तळाला एका ओळीत. दोन्ही चालतात, पण वाचणारा माणूस वेगळा असतो. त्यामुळे टेम्प्लेट शोधण्याआधी रेझ्युमे कोणाच्या हातात जाणार आहे ते ठरवलेलं बरं.

एकच काम दोन्ही तऱ्हांनी लिहून बघू. आकडे उदाहरणापुरते आहेत.

पहिली तऱ्हा:

> व्हिडिओ एडिटर, शैक्षणिक यूट्यूब चॅनल. प्रीमियर प्रो (९०%), आफ्टर इफेक्ट्स (७५%), दाविंची रिझॉल्व्ह (६०%). लाँग-फॉर्म, शॉर्ट्स, रील्स. जलद टर्नअराउंड. चॅनलला लाखो व्ह्यूज मिळवून दिले.

दुसरी तऱ्हा:

> शैक्षणिक यूट्यूब चॅनल, थेट चॅनलच्या मालकासोबत. आठवड्याला १२ मिनिटांचा एक एपिसोड (१६:९) आणि त्यातूनच तीन शॉर्ट्स (९:१६, नव्याने फ्रेमिंग, सबटायटल्ससह). दोन कॅमेरे, ९० मिनिटांच्या आसपास फुटेज. फुटेज मिळाल्यापासून तिसऱ्या दिवशी पहिला कट, दुरुस्तीच्या दोन फेऱ्या, पाचव्या दिवशी फायनल. ४० सेकंदांचा इंट्रो ८ सेकंदांवर आणला. आधीचे दहा आणि नंतरचे दहा एपिसोड पाहता ३० सेकंदांनंतरही टिकलेले प्रेक्षक ५८ वरून ७१ टक्के. एडिट प्रीमियर प्रोमध्ये, ग्रेडिंग रिझॉल्व्हमध्ये.

दुसरी लांब आहे, हे खरं. पण चॅनल चालवणाऱ्या माणसाला त्यात आपला पुढचा आठवडा दिसतो. पहिलीत त्याला काहीच दिसत नाही. प्रीमियर ९० टक्के म्हणजे कशाच्या ९० टक्के? हा प्रश्न एखाद्या जाणत्या पोस्ट सुपरवायझरने विचारला की उत्तर नसतं, आणि रिझॉल्व्हसमोर स्वतःहून लिहिलेले ६० टक्के तर सरळ सरळ कच्चेपणाची कबुली ठरतात. पट्ट्या दोन्ही तऱ्हांमधून काढून टाका, याबद्दल माझं दुमत नाही.

म्हणून सॉफ्टवेअर वर ठेवणं चूकच, असं मात्र नाही. पोस्ट-प्रॉडक्शन स्टुडिओ किंवा टीव्हीचं काम करणारी संस्था असेल तर त्यांना पहिल्या दहा सेकंदांत एवढंच कळायला हवं असतं की हा माणूस आपल्या पाइपलाइनमध्ये बसेल का. तिथे सगळं अ‍ॅव्हिड मीडिया कंपोझरवर चालत असेल आणि तुम्ही फक्त फायनल कट प्रो जाणत असाल, तर प्रेक्षकसंख्या कितीही वाढवली असली तरी उपयोग नाही. शिवाय अशा ठिकाणी अर्ज बऱ्याचदा आधी एखाद्या प्रणालीतून चाळले जातात, आणि तिथे सॉफ्टवेअरचं नाव मजकुरात असावं लागतं. एडिटर मंडळी हौसेने रेझ्युमे डिझाइन करतात, दोन रकाने, आयकॉन, अक्षरांचे आकारात रूपांतर केलेले फॉन्ट. परिणाम असा की दिसायला देखणं, पण मजकूर म्हणून कोरं. तपासायची पद्धत सोपी आहे: पीडीएफ उघडा, सगळं सिलेक्ट करून साध्या नोटपॅडमध्ये पेस्ट करा. काहीच उमटलं नाही, किंवा डाव्या रकान्यातली अर्धी ओळ उजव्या रकान्यात घुसली, तर प्रणालीलाही बहुधा तेच दिसणार.

स्टुडिओसाठी सॉफ्टवेअर लिहितानाही नुसती नावं कमी पडतात. तिथे एडिटरचं काम कट करून संपत नाही, ते पुढच्याच्या हातात द्यावं लागतं. 'ग्रेडिंगसाठी एक्सएमएल आणि साउंडसाठी एएएफ काढून दिलं' हे एक वाक्य सहा लोगोंपेक्षा जड आहे. ज्याने हे केलंय त्याला ठाऊक असतं की नेस्ट केलेले सीक्वेन्स, वेग कमी-जास्त केलेले शॉट आणि बाहेरच्या प्लगइनचे इफेक्ट या प्रवासात हमखास बिघडतात किंवा गळून पडतात. म्हणून 'पाठवण्याआधी नेस्ट उलगडले, इफेक्ट बेक केले, सोबत रेफरन्स व्हिडिओ दिला' एवढं लिहिलंत की कलरिस्टला कळतं की हा माणूस रात्री फोन करायला लावणार नाही. हे वाक्य यूट्यूबरला पाठवलंत तर तो ते ओलांडून पुढे जाईल. तीच गोष्ट फॉरमॅटची. स्टुडिओला फ्रेम रेट, कोडेक आणि आवाजाची पातळी कुठल्या मानकाला धरून दिली हे वाचायचं असतं. चॅनलवाल्याला उभा व्हिडिओ नुसता मधोमध कापलाय की बोलणाऱ्यावर नव्याने फ्रेम लावलीय, आणि सबटायटल्स अ‍ॅपच्या बटणांखाली दडत तर नाहीत ना, एवढंच हवं असतं.

आता वेळेकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त थापा इथेच मारल्या जातात. '२४ तासांत डिलिव्हरी' दोन्ही तऱ्हांच्या रेझ्युमेत दिसतं आणि दोन्हीकडे ते तुमच्या विरोधात जातं. २४ तास कधीपासून? होकार मिळाल्यापासून, की सगळं फुटेज उतरल्यापासून? आणि काय मिळणार, पहिला कट की फायनल? तीन तासांची मुलाखत बघायलाच तीन तास लागतात. मग सिंक, प्रॉक्सी, निवड. अनुभवी माणूस हा हिशेब मनातल्या मनात करतो आणि तुम्ही एकतर फुटेज पूर्ण पाहत नाही किंवा खोटं बोलताय, असा निष्कर्ष काढतो. वेळ लिहायची तर चार गोष्टी एकत्र लिहा: फुटेज किती, तयार व्हिडिओ केवढा, पहिला कट कधी, दुरुस्तीच्या फेऱ्या किती. वरच्या उदाहरणात नेमकं तेच केलंय. कामांवर आधारलेल्या मांडणीत हे आपोआप बसतं, कारण प्रत्येक कामाचं फुटेज वेगळं असतं. सॉफ्टवेअर वर असलेल्या मांडणीत वेळेसाठी वेगळी जागाच उरत नाही, मग 'जलद' असं विशेषण चिकटवलं जातं. माझ्या मते पहिल्या तऱ्हेचा हा सगळ्यात मोठा तोटा.

प्रेक्षकांच्या आकड्यांचं तसंच, फक्त इथे दुसरी तऱ्हाही घसरू शकते. व्ह्यूज हा आकडा एडिटरचा नाही. त्यात विषय आहे, थंबनेल आहे, चॅनलचं वय आहे, कधी जाहिरातीचा पैसाही आहे. शॉर्ट्सचे व्ह्यूज तर आणखी जपून वापरावेत. ३१ मार्च २०२५ पासून यूट्यूबने शॉर्ट सुरू झाला की लगेच, किमान वेळेची अट न ठेवता, व्ह्यू मोजायला सुरुवात केली. त्यामुळे त्या तारखेच्या अलीकडचे आणि पलीकडचे आकडे शेजारी ठेवून 'व्ह्यूज दुप्पट' लिहिलंत तर जाणकार वाचक हसून पान उलटेल. शॉर्ट्ससाठी किती जणांनी पाहिलं आणि किती जणांनी स्वाइप केलं, ते प्रमाण द्या. पहिल्या सेकंदाचा कट तुमचा असतो, त्यामुळे तो आकडा निदान तुमच्या कामाच्या जवळचा आहे.

मोठ्या व्हिडिओत एडिटरच्या सगळ्यात जवळचा आकडा म्हणजे टिकून राहिलेले प्रेक्षक. यूट्यूब स्टुडिओत ३० सेकंदांच्या खुणेला किती टक्के उरले ते थेट दिसतं. आपल्या उदाहरणात सरासरी पाहण्याचा वेळही ४ मिनिटं १० सेकंदांवरून ५ मिनिटं २५ सेकंदांवर गेला असं समजा. १२ मिनिटांच्या एपिसोडवर हे ३५ टक्क्यांवरून ४५ टक्के होतं. पण यात एक मेख आहे. त्याच काळात एपिसोड १२ वरून ७ मिनिटांवर आले असते, तर लोकांनी एक सेकंदही जास्त पाहिला नसता तरी टक्केवारी फुगली असती. म्हणून टक्के लिहिताना व्हिडिओची लांबी सोबत लिहायची, आणि तुलना दहा विरुद्ध दहा अशी करायची. एका गाजलेल्या एपिसोडवर दावा उभा करायचा नाही. उलट बाजूही असते: एखादा व्हिडिओ खूप पसरला की नवखे प्रेक्षक येतात आणि टिकण्याचं प्रमाण खाली येतं, तेव्हा ती घसरण तुमची नसते. आणि बदल काय केला हे लिहिल्याशिवाय आकड्याला काही अर्थ नाही. 'इंट्रो ४० वरून ८ सेकंद' हे कारण आहे, '७१ टक्के' हा त्याचा परिणाम. मुलाखतीत पहिला प्रश्न कारणावरच येतो.

हे आकडे मिळवायचे कसे, हा अडचणीचा भाग. काम चालू असतानाच चॅनलच्या मालकाकडे कमाई न दिसणारी, फक्त पाहण्यापुरती परवानगी मागून ठेवावी. यूट्यूबवर तशी सोय आहे. काम सुटल्यावर स्क्रीनशॉट मागणं अवघड जातं. आणि आकडे रेझ्युमेत टाकण्याआधी मालकाला विचारायचंच, एजन्सीच्या कामात तर करार आधी वाचायचा. नाव देता येत नसेल तर 'आर्थिक विषयांवरचं चॅनल, एजन्सीमार्फत' असं लिहिलं तरी भागतं. ग्राहकाचा प्रकार वाचताना समोरच्याला नावापेक्षा मंजुरी कोणाकडून यायची ते हवं असतं. थेट मालकासोबत काम केलेला माणूस एका आवाजावर चालतो. एजन्सीत काम केलेल्याने तीन जणांच्या परस्परविरोधी सूचना एका कटमध्ये बसवलेल्या असतात. लग्नांचे व्हिडिओ करणाऱ्याकडे प्रेक्षकांचे आकडे नसतातच. त्याने ते शोधू नयेत. फुटेजचे तास आणि ठरलेल्या तारखेला दिलेली डिलिव्हरी लिहावी.

तर निवड अशी. चॅनल, ब्रँड, छोटी एजन्सी, थेट ग्राहक: कामं वर, सॉफ्टवेअर तळाला. स्टुडिओ आणि टीव्ही: सॉफ्टवेअर आणि हस्तांतराची पद्धत वर, पण त्याखाली दोन कामं तरी दुसऱ्या तऱ्हेने पूर्ण लिहिलेली. दोन्हीकडे अर्ज करत असाल तर दोन फाइल ठेवा. एकाच पानात दोघांना खूश करायला गेलं की पान तिसऱ्याच कोणासाठी लिहिल्यासारखं होतं. शोरीलची लिंक दोन्हींत वरच, आणि पाठवण्याआधी लॉगिन नसलेल्या ब्राउझर विंडोत उघडून बघितलेली. 'प्रायव्हेट' राहिलेल्या लिंकमुळे चांगले एडिटर पहिल्याच चाळणीत गळतात.

अगदी नवख्या एडिटरकडे ग्राहकही नसतो आणि आकडेही नसतात. त्याला सॉफ्टवेअर वर ठेवायचा मोह होतो, पण त्यानेही दुसरीच तऱ्हा घ्यावी असं मला वाटतं. सरावाचं काम 'सराव' म्हणून लिहावं, फुटेज कुठून घेतलं ते सांगावं, किती तासांत काय कापलं ते लिहावं आणि प्रेक्षकांची ओळ सरळ सोडून द्यावी.