आठ महिने ओडोमीटरच्या दोन आकड्यांवर: वापरानंतरचा अनुभव

कामासाठी गाडी बरीच फिरते आणि कुठल्या फेरीत किती किलोमीटर झाले ते मला लिहून द्यावं लागतं. आधी मी अंदाजानं किंवा नकाशात बघून आकडा टाकायचो. गेल्या आठ महिन्यांपासून मात्र एकच पद्धत ठेवली आहे: निघताना ओडोमीटर वाचायचा, पोचल्यावर वाचायचा, आणि नंतरच्यातून आधीचा वजा करायचा. ही पद्धत मला मनापासून आवडली आहे. फक्त वजाबाकीच्या आजूबाजूला काही गोष्टी आहेत, त्या सुरुवातीला कुणी सांगितल्या नव्हत्या.

त्याआधी एक महिना मी ट्रिप मीटर वापरला होता. निघताना शून्य करायचा आणि पोचलं की थेट आकडा लिहायचा, वजाबाकीची गरजच नाही. अडचण अशी की तो कुणीही शून्य करू शकतं. बहीण शनिवार-रविवारी गाडी नेते आणि टाकी भरली की ॲव्हरेज काढायला ट्रिप मीटर शून्य करते. त्यात माझी एक अर्धवट फेरी कायमची गेली. ओडोमीटरला असं बटण नसतं, म्हणून मी मुख्य आकड्यावर आलो.

वहीत तीन रकाने आहेत: सुरुवात, शेवट, फरक. डोक्यात वजाबाकी करताना हातचा चुकायचा, म्हणून मी पुढे मोजत जातो. एका फेरीची सुरुवात ४८,९६७ आणि शेवट ४९,२१३ होता. ४९,००० पर्यंत ३३ लागतात, त्यावर २१३, म्हणजे २४६ किलोमीटर. कागदावर मांडण्यापेक्षा हे लवकर होतं आणि चुकत नाही.

याच फेरीत मला खरी चूक सापडली. महिन्याची बेरीज करताना एकूण आकडा २७० नं जास्त येत होता. महिन्याच्या शेवटच्या रीडिंगमधून पहिलं रीडिंग वजा केलं की जे येतं, तेवढीच सगळ्या फरकांची बेरीज यायला हवी. कारण एका ओळीचा शेवट हीच पुढच्या ओळीची सुरुवात असते आणि मधले सगळे आकडे एकमेकांना खाऊन टाकतात. २७० ला ९ नं पूर्ण भाग जातो, हे लक्षात आल्यावर मी शेजारच्या अंकांची अदलाबदल शोधायला लागलो. दोन अंक उलटे लिहिले गेले की पडणारा फरक नेहमी ९ च्या पटीत असतो. नेमकं तेच झालं होतं: ४८,९६७ ऐवजी ४८,६९७ लिहिलं होतं आणि २४६ ची फेरी ५१६ ची झाली होती. आधीच्या ओळीचा शेवट मात्र बरोबर ४८,९६७ होता, त्यामुळे खरा आकडा कुणाला विचारावा लागला नाही.

तेव्हापासून मी नवीन फेरीची सुरुवात लिहिताना मागचा शेवट बघतो. जुळला नाही तर मधे गाडी कुणीतरी चालवली आहे किंवा मी लिहायचं विसरलो आहे. बहिणीच्या फेऱ्यांना आता त्याच वहीत वेगळी ओळ असते. चार महिन्यांनी हिशोब केला तेव्हा ओडोमीटर ४७,२०५ वरून ५३,८८० वर गेला होता, म्हणजे ६,६७५ किलोमीटर. माझ्या ओळींची बेरीज ५,९१२ आणि तिच्या ७६३. एकही किलोमीटर बेवारस राहिला नाही.

लहान फेऱ्यांनी मला बरंच छळलं. एका ठिकाणी मला आठवड्यातून दोन-तीनदा जावं लागतं. रस्ता तोच, तरी वहीत कधी ६ यायचे, कधी ७. आधी वाटलं की मीटरच बिघडला. तसं नव्हतं. माझ्या गाडीचा मुख्य ओडोमीटर पूर्ण किलोमीटरच दाखवतो आणि पुढचा अंश गाळतो. पडद्यावर ५०,३१८ दिसतं तेव्हा आत ५०,३१८.० पासून ५०,३१८.९ पर्यंत काहीही असू शकतं. रस्ता ६.४ किलोमीटरचा आहे. निघताना आत ०.१ साठलेला असेल तर पोचताना ६.५ होतात आणि फरक ६ दिसतो, निघताना ०.८ असेल तर ७.२ होतात आणि फरक ७ दिसतो. त्यामुळे एका फेरीचा आकडा खऱ्यापेक्षा जवळजवळ एक किलोमीटर इकडे किंवा तिकडे असू शकतो. लांबच्या फेरीत याचं काही वाटत नाही, सहा किलोमीटरमध्ये वाटतं. पण चूक साठत जात नाही, हे महत्त्वाचं. त्या ठिकाणच्या ४० फेऱ्या मी काढून बघितल्या: २५ वेळा ६ आणि १५ वेळा ७, एकूण २५५. सरासरी ६.४ च्या अगदी जवळ. म्हणून मी आता एकेका फेरीवर वाद घालत नाही. एकाच लहान फेरीचा नेमका आकडा हवा असेल तर त्या दिवसापुरता दशांश दाखवणारा ट्रिप मीटर वापरतो.

सहाव्या महिन्यात टायर बदलले आणि गाडीचं ॲव्हरेज अचानक कमी झाल्यासारखं वाटलं. कारण गाडीत नव्हतं, मोजण्यात होतं. ओडोमीटर रस्ता मोजत नाही, चाकाच्या फेऱ्या मोजतो आणि एका फेरीला ठरलेलं अंतर धरतो. माझ्या मापाच्या नव्या टायरचा व्यास साधारण ६२ सेंटीमीटर, म्हणजे किलोमीटरला सुमारे ५१२ फेऱ्या. रबर साडेपाच मिलिमीटर झिजलं की व्यास ११ मिलिमीटरनं घटतो आणि त्याच किलोमीटरला सुमारे ५२१ फेऱ्या लागतात. मीटरला हे कळत नाही. तो जास्तीच्या फेऱ्यांचं अंतर जास्तच दाखवतो.

हे तपासायला मी किलोमीटरचे दगड वापरले. १२ च्या दगडापाशी ट्रिप मीटर शून्य केला आणि ६२ च्या दगडापाशी वाचला, म्हणजे ५० किलोमीटर. जुन्या टायरवर मी गाडी विकायच्या विचारात असताना सहज हीच मोजणी केली होती, तेव्हा ५१.१ आले होते. नव्या टायरवर ५०.२ आले. जुन्या टायरवरच्या २४६ किलोमीटरच्या फेरीला ५० नं गुणून ५१.१ नं भागलं तर २४१ च्या आसपास येतात. मी कागदावर मीटरचाच आकडा देतो, कारण तोच मागितला जातो. ॲव्हरेज काढताना मात्र ही दुरुस्ती करतो. दोन-चार दगडांवर ही तपासणी करू नका. इतक्या कमी अंतरात दशांशाची गाळणीच मोठी दिसते.

एक मर्यादा मात्र वजाबाकीनं सुटत नाही. मीटर गाडीचा प्रवास सांगतो, माणसाचा नाही. मागच्या महिन्यात एका फेरीत गाडी तरीवर चढवून पाणी ओलांडलं. मी आणि गाडी दोघंही पलीकडे गेलो, पण चाकं जागची हलली नाहीत आणि दोन्ही काठांवर आकडा तोच होता. तसंच गाडी लावून पुढे चालत गेलो तर ते अंतर कुठेच येत नाही. अशा तुकड्यांसाठी मी फरकाच्या शेजारी चौथा रकाना आखला आहे आणि त्यात अंतर वेगळं लिहितो, मीटरच्या आकड्यात मिसळत नाही.