घरच्या फोटोंचा हिशेब: चौदा महिने क्लाउड, सोबत दोन हार्ड डिस्क

मोबाईल घेऊन दुकानात गेलं की पोरगा सांगतो, "काका, क्लाउडला टाका, टेन्शन नाही." मी टाकले. गूगल वनचा २०० जीबीचा प्लॅन घेतला, वर्षाला २१०० रुपये. तीन महिन्यांनी मन बदललं म्हणून एक टीबीच्या दोन हार्ड डिस्कही आणल्या, ४८०० ला एक. आता चौदा महिने दोन्ही वापरून झाले. दोन्हीकडे एकेकदा पोटात गोळा आलाय, म्हणून हे लिहितोय.

आधी माल किती ते सांगतो. आमच्या बेळगावच्या टिळकवाडीतल्या घरातले चौघांचे मोबाईल, अप्पांचे निपाणीचे जुने फोटो स्कॅन केलेले आणि बहिणीच्या लग्नाचे व्हिडिओ मिळून १६८ जीबी. दरवर्षी साधारण ४० जीबीची भर पडते, त्यात निम्म्याहून जास्त व्हिडिओ. म्हणजे २०० जीबी एका वर्षात संपणार हे प्लॅन घेतानाच कळायला हवं होतं. तेव्हा १०० जीबीचे वर्षाला १३०० होते, २०० चे २१००, आणि त्यापुढचा मला दिसलेला टप्पा थेट २ टीबी, ६५०० रुपये. मधे पायरीच नव्हती. आपल्याला २१० जीबी लागोत की १९००, पैसे तेवढेच. दहा वर्षं धरली तर पहिल्या वर्षाचे २१०० आणि पुढच्या नऊ वर्षांचे ५८,५००, एकूण ६०,६००. तेही दर वाढले नाहीत तर.

डिस्कचा हिशेब सोपा आहे. दहा वर्षांनी माझा माल ५६८ जीबी होईल, एक टीबीत आरामात बसेल. दोन डिस्कचे ९६००, पाच वर्षांनी दोन्ही बदलायच्या धरल्या तर १९,२००. पाच वर्षं हा काही नियम नाही. एखादी दहा चालते, एखादी दीड वर्षात जाते. खरं पाचच्या पुढे एकुलत्या डिस्कवर भरवसा ठेवायला माझी छाती होत नाही.

नुसत्या पैशात बघितलं तर डिस्क जिंकली. तरीही मी क्लाउड बंद केलं नाही, कारण दोन्हीकडून फोटो जायची पद्धत वेगळी आहे.

आधी क्लाउडचं. सातव्या महिन्यात पुण्याहून बहिणीचा फोन. "दादा, माझ्या मेलवर काही येईनाच रे, ऑफिसचं एक पत्र परत गेलं म्हणे." प्लॅन माझ्या नावावर, फॅमिली शेअरिंगने तिला जागा दिलेली. प्लॅनच बंद पडला असेल, असं आधी वाटलं. खरी गोष्ट वेगळीच निघाली. दिवाळीपासून तिने आपले सगळे व्हिडिओ मूळ दर्जात चढवले होते आणि २०० जीबी काठोकाठ भरलेले. गूगलची जागा फोटो, ड्राइव्ह आणि जीमेल मिळून एकच असते. ती भरली की फोटो चढायचे थांबतातच, मेलही यायचा-जायचा थांबतो. प्लॅन बंद पडला तरी असंच होतं, फुकटच्या १५ जीबीवर माल जास्त ठरतो. फोटो लगेच पुसत नाहीत, पण सलग दोन वर्षं मर्यादेबाहेर राहिलात तर पुसू शकतात, हा नियम १ जून २०२१ पासून आहे. म्हणजे क्लाउडवर आधी इशारा येतो. मेल न येणं हाच इशारा, फक्त तो बघणारं कुणी पाहिजे.

खातंच हातातून जाणं याहून वाईट. आमच्या भागातल्यांना हे नीट समजेल. पूर्वी रोमिंगला पैसे पडायचे, म्हणून निपाणीपासून बेळगावपर्यंत बऱ्याच जणांकडे दोन सिम असायची, एक कर्नाटकचं, एक महाराष्ट्राचं. अप्पांनी खातं उघडताना कोल्हापूरचा नंबर दिलेला. रोमिंगचा खर्च गेला, त्या सिमचं रिचार्ज कुणी केलं नाही, तीन महिने वापर नाही की नंबर बंद होतो आणि पुढे दुसऱ्याला मिळतो, तसा तो गेला. नवीन मोबाईलवर लॉगिन करायला गेलो तर कोड त्याच नंबरवर. पासवर्ड बरोबर, खातं आमचं, फोटो आमचे, आणि आम्ही दाराबाहेर. चूक आमचीच, कुणाला बोल लावणार? वाचलो ते केवळ अप्पांचा जुना टॅब गादीखाली पडलेला होता म्हणून. त्यात खातं उघडंच होतं. तासभर चार्जिंगला लावला, सेटिंगमध्ये जाऊन नंबर बदलला, आणि त्याच बैठकीत बॅकअप कोड काढले. ते आठ आकड्यांचे दहा कोड असतात, प्रत्येक एकदाच चालतो. कागदावर छापून रेशन कार्डाच्या पिशवीत ठेवलेत. दोन वर्षं खात्यात कुणी शिरलंच नाही तर खातंच पुसलं जाऊ शकतं, म्हणून अप्पांच्या खात्याला Inactive Account Manager, म्हणजे खातं बराच काळ वापरलं नाही तर दुसऱ्याला कळवणारी सोय, लावून माझा मेल दिला. अप्पा म्हणाले, "म्हणजे मी गेल्यावर?" मी विषय बदलला.

आणखी एक खोड. सौ.ने मोबाईल भरला म्हणून Free up space दाबलं. त्याने मोबाईलमधले चढवून झालेले फोटो पुसले जातात, क्लाउडवरचे राहतात. बरोबरच आहे, खरं त्या क्षणापासून त्या फोटोंची जगात एकच प्रत उरते. लोक याला बॅकअप म्हणतात याचं मला नवल वाटतं.

या सगळ्यानंतर सगळे फोटो उतरवून घ्यायचं ठरवलं, आणि इथे खरा वेळ गेला. गूगलवरचा आपला माल उतरवून द्यायची सोय म्हणजे टेकआउट. त्यात फोटोज तेवढं निवडायचं, झिपचा आकार सांगायचा, लिंक मेलवर येते आणि साधारण आठवड्यात मुदत संपते. मी शहाणपणा करून ५० जीबीच्या झिप मागितल्या. माझं इंटरनेट ४० एमबीपीएस, एका झिपला पावणेतीन तास. ३१ जीबीवर लाईट गेली आणि पुन्हा पहिल्यापासून. मग १० जीबीच्या मागितल्या, एकेक साधारण अर्ध्या तासाची, गेली तर तेवढीच जाते. १६८ जीबी उतरवल्यावर जास्तच भरले, कारण अल्बममधला फोटो वर्षाच्या फोल्डरमध्येही येतो आणि अल्बमच्या फोल्डरमध्येही.

उघडून बघितलं तर अप्पांच्या लग्नाचे स्कॅन केलेले फोटो आजच्या तारखेचे. ॲपमध्ये मी बसून प्रत्येकाला वर्ष घातलं होतं, तेच दिसेना. मोबाईलने काढलेल्या फोटोची तारीख फोटोच्या आतच असते, ती टिकते. ॲपमध्ये हाताने घातलेली तारीख फोटोत जात नाही, शेजारच्या .json फाईलमध्ये photoTakenTime या नावाने येते. ती फोटोत भरायला एक्झिफटूल नावाचं फुकट साधन आहे:

```
exiftool -r -d %s -tagsfromfile "%d/%F.supplemental-metadata.json" "-DateTimeOriginal<PhotoTakenTimeTimestamp" -ext jpg .
```

आधी सगळ्या झिप एकाच फोल्डरमध्ये सोडायच्या, कारण फोटो एका झिपमध्ये आणि त्याची json दुसरीत पडू शकते. जुन्या उतरवणीत शेवट नुसता .json असतो, तर तसं लिहायचं. फोटोचं नाव लांब असेल तर json चं नाव मधेच कापलेलं येतं आणि तेवढे फोटो सुटतात. माझे अडीचशेच्या आसपास सुटले, दोन रविवार बसून हाताने केले. सगळं प्रतीवर करा, एकुलत्या फोल्डरवर नको.

आता डिस्क. एक माझ्या कपाटात, दुसरी खानापूरला मेहुण्याकडे, म्हणजे आग-चोरी एकाच घरात झाली तरी एक उरावी. डिस्कचा दुर्गुण असा की ती बिघडताना बोलत नाही. फोल्डर उघडतं, नावं दिसतात, चिमुकल्या प्रतिमाही दिसतात, आणि फोटो आतून वाचता येत नसतो. म्हणून भरतानाच पहिल्या ओळीने प्रत्येक फाईलची सही, म्हणजे तिच्या आतल्या मजकुरावरून निघणारा लांब कोड, काढून ठेवली होती आणि दर चार महिन्यांनी दुसरीने ती ताडून बघतो, लिनक्सच्या टर्मिनलमध्ये:

```
find . -type f ! -name yadi.txt -exec sha256sum {} + > yadi.txt
sha256sum -c --quiet yadi.txt
```

दुसरी ओळ काहीच बोलली नाही तर सगळं ठीक. पावसाळ्यानंतर मेहुण्याकडची डिस्क आणली, लावली, चाळीस मिनिटं शांतता, आणि मग एकामागून एक अकरा ओळी, शेवटी FAILED open or read. त्यात बहिणीच्या पाठवणीचा व्हिडिओ. विंडोजवर डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो लावून बघितलं तर निळ्याऐवजी पिवळा डबा, Caution, आणि Current Pending Sector समोर शून्याऐवजी आकडा. म्हणजे डिस्कला स्वतःचीच काही जागा वाचता येत नाही. खानापूरची ओल कारण होती की गाडीवरून नेताना बसलेला दणका, सांगता येत नाही. मला दणक्याचाच संशय, कारण मेहुणा डिस्क डिकीत टाकून आला होता. आता डबा, स्पंज आणि सिलिका जेलची पुडी, हे तिन्ही लागतं.

कपाटातली डिस्क धड होती, अकराही फाईली तिच्यावरून मिळाल्या. डिस्क वॉरंटीत होती, बदलून मिळत होती. मी दिली नाही. वॉरंटी डिस्कची असते, फोटोंची नाही, आणि परत देताना आतले घरचे फोटो तिच्यासोबत जातात. ४८०० पुन्हा घातले.

सध्या माझी पद्धत अशी. क्लाउडला १०० जीबीचा प्लॅन, त्यात फक्त अलीकडच्या दोन वर्षांचे फोटो. त्याहून जुनं दोन्ही डिस्कवर चढलं, सही ताडली, मगच क्लाउडवरून काढायचं. काढताना मोबाईल समोर ठेवा, कारण ॲपमध्ये पुसलं की मोबाईलमधलंही जातं. ट्रॅशमध्ये ६० दिवस राहतं, तेवढीच सवड. दहा वर्षांचा हिशेब क्लाउडचे १३,००० आणि डिस्कचे १९,२००, मिळून ३२,२००, वर ही मेलेली डिस्क. बहिणीला सांगितलं, तुझ्या व्हिडिओंचा वेगळा प्लॅन घे. ती म्हणाली, "दादा, मला पण एक डिस्कच आण की." पुढच्या वेळी पुण्याला जाताना नेतोय, डिकीत नाही, मांडीवर.