फोटो की इलस्ट्रेशन? लोगो झाकला तरी ओळखू यायला हवं

ब्रँडसाठी फोटो आणि इलस्ट्रेशन या दोन्हींपैकी एक निवडायचं असेल तर आधी बघा की दाखवायला हातात धरता येणारी वस्तू आहे का. असेल तर फोटो. ॲप, विमा, सल्ला असलं न दिसणारं काही विकत असाल तर इलस्ट्रेशन, नाहीतर शेवटी लॅपटॉपसमोर हसणारी तीच स्टॉकमधली माणसं येतात आणि ती सगळ्यांकडेच असतात.

फोटोच्या बाबतीत लोक रंगावर अडून बसतात, पण खरी ओळख प्रकाशात असते. एका बॅगवाल्या क्लायंटसाठी आम्ही नियम केला होता, डावीकडून ४५ अंशावर एकच उघडा फ्लॅश, कॅमेरा बॅगच्या उंचीला, ५० एमएम लेन्स, माणसाचा चेहरा नाही फक्त हात. त्यामुळे प्रत्येक फोटोत उजवीकडे कडक काळी सावली पडायची. पुढच्या शूटला दुसरा फोटोग्राफर आला, त्याने सवयीने प्रकाश मऊ करणारा सॉफ्टबॉक्स लावला, बॅकग्राउंडचा रंग अगदी तोच पण सावलीची कडच विरघळली आणि फोटो कुठल्याही ऑनलाइन दुकानातले वाटायला लागले. चूक आमचीच, त्याला दिलेल्या कागदावर हा नियम नव्हताच, नुसतं "नैसर्गिक, उबदार प्रकाश" असं लिहिलेलं, आता यातून कोण काय समजणार! तपासायचं असेल तर जुने-नवे फोटो ब्लॅक अँड व्हाइट करून शेजारी ठेवा, तरीही एकाच घरचे वाटले तर नियम पक्का, नाहीतर सगळा भार रंगावरच आहे.

इलस्ट्रेशनमध्ये प्रकाश, मॉडेल, जागा कसलीच कटकट नाही, पण माणूस बदलला की हात बदलतो. पॅलेट सगळेच पाळतात हो, गडबड होते रेषेत. समजा १२०० पिक्सेल रुंद चित्रात रेष ६ पिक्सेलची आहे, तेच चित्र ३०० वर आणलं की रेष दीड पिक्सेलची होते आणि चित्र फिकं, परकं दिसतं. म्हणून लहान साइजसाठी तपशील कमी करून, रेष जाड ठेवून वेगळं काढायचं, नुसतं आक्रसायचं नाही. शिवाय रेषेचं टोक गोल की चौकोनी, बाह्यरेषा बंद की मधे तुटलेली, बोटं किती, हे नमुना काढूनच दाखवा, शब्दांत सांगून होत नाही.

खर्चाचं म्हणाल तर फोटोत प्रत्येक नव्या मालाला पुन्हा शूट, इलस्ट्रेशनमध्ये सुरुवातीला वेळ जास्त जातो.

दोन्ही मिसळता येतात का? येतात. २००३ च्या आयपॉडच्या जाहिराती आठवा, नाचणाऱ्या माणसांच्या काळ्या आकृत्या, मागे एकच भडक रंग आणि इअरफोनच्या पांढऱ्या वायरी. माणसं फोटोतली, पण दिसायला चित्रच, आणि ओळख पटायची ती वायरींवरून. आमच्या बॅगवाल्यांना चित्रं लागली तेव्हा आम्ही तीच उजवीकडची काळी सावली चित्रातही ठेवली, बाकी सगळं वेगळं होतं.