पांढरी, ब्राऊन की निळसर? टरफलाच्या रंगावरून काय ठरवावं

मुंबईत अंड्यांच्या दुकानात साधारण तीन ढीग असतात. ट्रेवर ट्रे रचलेली पांढरी, सहा-सहाच्या खोक्यांतली ब्राऊन आणि टोपलीत भुशावर ठेवलेली 'गावठी'. भाव याच क्रमाने चढतो आणि गिऱ्हाइकाचा विश्वासही. आमच्या घरी तिन्ही आलटूनपालटून येऊन गेली आहेत. आता रोजच्याला एकच येतं. ते का, हे सांगण्याआधी रंग येतो कुठून ते पाहू, म्हणजे कुठल्या रंगासाठी जास्त पैसे मोजायचे हे ज्याचं त्याला ठरवता येईल.

टरफल मुळात चुन्याचं, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचं, आणि म्हणून पांढरं. कोंबडीच्या पोटात अंडं तयार व्हायला एक दिवस, थोडा जास्तच लागतो. त्यातले वीसेक तास नुसतं टरफल चढण्यात जातात. पांढरी अंडी देणारी लेगहॉर्न इथेच थांबते. ब्राऊन अंडी देणारी कोंबडी मात्र शेवटच्या काही तासांत त्यावर प्रोटोपॉर्फिरिन नावाचं तपकिरी रंगद्रव्य चढवते, तेही मुख्यतः बाहेरच्या थरात. ब्राऊन अंडं फोडल्यावर टरफल उलटं करून बघा, आतून ते जवळजवळ पांढरंच निघतं. निळसर अंड्याची गोष्ट वेगळी. त्यातलं बिलिव्हर्डिन हे द्रव्य टरफलाच्या थराथरांत मुरतं, म्हणून ते आतूनही निळसर दिसतं. निळ्यावर तपकिरी थर चढला की अंडं हिरवट होतं.

कुठला रंग चढवायचा हे कोंबडीच्या जातीत ठरलेलं असतं. तिला मका घाला, बाजरी घाला, मोकळी फिरवा नाहीतर पिंजऱ्यात ठेवा, लेगहॉर्न काही ब्राऊन अंडं देणार नाही. बलकाचा रंग खाद्यावर हलतो. मका किंवा झेंडूच्या पाकळ्यांची पूड जास्त पडली की तो गडद केशरी होतो, पण तेही टरफलाला कळत नाही. पोषण खाद्यावर आणि ताजेपणावर जातं. एकाच खाद्यावरच्या पांढऱ्या आणि ब्राऊन अंड्यांत निवडण्यासारखं फारसं काही उरत नाही. ब्राऊन महाग असण्याचं एक साधं कारण असं की ती देणारी कोंबडी सहसा लेगहॉर्नपेक्षा अंगाने भारी असते आणि जास्त खाते. त्या वाढीव दाण्याचे पैसे आपण देतो. दुकानदार त्यात थोडी प्रतिष्ठाही मिसळतो, ते सोडा.

कानाच्या पाळीवरून अंड्याचा रंग ओळखतात, हे गावाकडे ऐकलं असेल. पांढरी पाळी असेल तर पांढरं अंडं, लाल असेल तर तपकिरी. बऱ्याच जातींत ते जुळतं, सगळ्यांत नाही. कडकनाथच्या बाबतीत तर लोकांना अंडंही काळं हवं असतं. कोंबडी पिसांपासून हाडांपर्यंत काळी असली तरी अंडं मलईसारखं, फिकट तपकिरी असतं. काळं अंडं दाखवून कुणी कडकनाथचा भाव लावला, तर तिथून निघावं.

ब्राऊन अंड्याचं एक मात्र मान्य करायला हवं. कोंबडीबद्दल ते पांढऱ्यापेक्षा पुष्कळ बोलतं. ट्रे समोर घेऊन बघा. अंडी लहान आणि सगळी गडद असतील, तर कळप नुकता अंड्यावर आलेला, तरणा आहे. अंडी मोठी आणि रंग फिका पडत चाललेला असेल, तर कोंबड्यांचं वय झालंय. वयाबरोबर अंडं मोठं होतं, पण रंग त्या मानाने वाढत नाही, मग तेवढाच रंग मोठ्या पृष्ठभागावर पातळ पसरतो. चुन्याचंही तसंच, म्हणून म्हाताऱ्या कोंबडीचं मोठं अंडं लवकर तडकतं. लोक ब्राऊनचं टरफल जाड म्हणतात, त्यात रंगापेक्षा कोंबडीच्या वयाचा हात जास्त असतो. मधेच एखादं अंडं पांढरट भुकटी चोळल्यासारखं किंवा फिकट जांभळट झाक असलेलं निघालं, तर कोंबडी बहुधा घाबरली होती. कुत्रा शिरला असेल, फटाके वाजले असतील. अंडं तिने जास्त वेळ आत धरून ठेवलं आणि रंगावर चुन्याचा आणखी एक हात बसला. आणि अख्ख्या कळपाची अंडी एकदम फिकी, मऊ टरफलाची यायला लागली, तर पोल्ट्रीवाल्याच्या पोटात गोळा येतो, कारण संसर्गजन्य ब्रॉन्कायटिस किंवा एग ड्रॉप सिंड्रोमसारख्या आजारांत हे होतं. खाद्यात चुकून निकार्बाझिन हे औषध गेलं, तरी चांगली तपकिरी अंडी पांढरट पडतात.

पोल्ट्रीवाल्याला याचा उपयोग आहे. मी अंडी खाणारा माणूस, कोंबडीची जन्मपत्रिका वाचून मला करायचं काय?

गावठीची गोष्ट थोडी निराळी. वाडीत हिंडणाऱ्या कोंबड्यांचं रक्त मिसळलेलं असतं. कुणाचं अंडं मलई रंगाचं, कुणाचं फिकट बदामी, कुणाचं जवळजवळ पांढरं. कोकणातून कुणी भुशात बांधून आणलेली अंडी बघा, आकारही सारखे नसतात. त्यामुळे दुकानातल्या 'गावठी' टोपलीतली सगळी अंडी एका मापाची आणि एकाच गडद छटेची असतील, तर मला शंका येते. ती सरळसरळ पोल्ट्रीतली ब्राऊन असू शकतात, किंवा चहाच्या पाण्याने रंगवलेली पांढरी. गावठी कोंबडी वर्षाला ६०-७० च्या आसपास अंडी देते आणि मधेच खुडूक बसते. पोल्ट्रीतली लेगहॉर्न ३०० च्या पुढे जाते. एवढा फरक असताना रोज सकाळी टोपली भरलेली कशी असते, हा प्रश्न दुकानदाराला विचारून पाहायला हरकत नाही.

रंगवलेलं अंडं ओळखायला लोक लिंबू किंवा व्हिनेगर चोळतात आणि रंग निघाला की 'नकली' म्हणून टाकतात. ही परीक्षा फसवी आहे. आम्लाने टरफलाचा बाहेरचा थरच विरघळतो आणि खरा तपकिरी रंग त्याच थरात असतो, म्हणजे अस्सल ब्राऊनही नापास होतं. साध्या ओल्या फडक्याने पुसून रंग कापडाला लागला तर शंका घ्यावी, पण चहाचा रंग पक्का बसतो, तो तेवढ्याने सुटेलच असं नाही. नोटा तपासायची जांभळ्या उजेडाची छोटी बॅटरी असते, ती अंधारात ब्राऊन अंड्यावर धरा. प्रोटोपॉर्फिरिन त्या उजेडात लालसर गुलाबी चमकतं. पांढऱ्या अंड्यावरही हलकी झाक दिसू शकते, म्हणून खात्रीचं एक ब्राऊन शेजारी ठेवूनच तुलना करावी.

माझ्यापुरता निकाल लागला तो या कशानेच नाही. लागला तो एका बारक्या तपकिरी ठिपक्याने. ब्राऊन अंडी घरात यायला लागली आणि अधूनमधून बलकाच्या कडेला किंवा पांढऱ्यात हा ठिपका दिसायला लागला. कधी तांबडा, कधी मांसाच्या तुकड्यासारखा. सासूबाई ते अंडं बघतात आणि वाटीच बाजूला सरकवतात. "त्यात जीव होता." पोल्ट्रीत कोंबडा नसतोच, अंडं फळलेलं असणं शक्य नाही, हे मी पुष्कळदा सांगून झालंय. बलक सुटताना एखादी बारीक रक्तवाहिनी फुटली की लाल ठिपका पडतो. अंडनलिकेच्या आतल्या अस्तराचा कण सुटून आला की तपकिरी. सुरीच्या टोकाने काढून टाकावा आणि अंडं खावं, धोका काही नाही. पण बुर्जीचा कांदा परतून तयार असताना शरीरशास्त्राचं व्याख्यान कुणाला हवंय?

असे ठिपके ब्राऊन जातींच्या कोंबड्यांत लेगहॉर्नपेक्षा जास्त पडतात, आणि ते बाहेरून दिसत नाहीत ही खरी पंचाईत. पांढरं अंडं अंधाऱ्या खोलीत मोबाईलच्या टॉर्चवर धरलं की आतलं बरंचसं कळतं. रुंद टोकाशी हवेची पोकळी दिसते. ताज्या अंड्यात ती लहान असते, दिवस जातील तशी वाढते. तडा असेल तर उजेडाची रेघ उमटते. मोठा ठिपका सावलीसारखा हलतो. ब्राऊनमधून उजेड नीट जातच नाही. पॅकिंगच्या ठिकाणी अंडी उजेडावर तपासतात तिथेही गडद टरफलातले बारके ठिपके सुटतात, मग आपल्या स्वयंपाकघरातल्या टॉर्चची काय कथा. ब्राऊन घेतलं की प्रत्येक अंडं वेगळ्या वाटीत फोडून बघायचं आणि मगच भांड्यात ओतायचं. हा व्याप मला नको झाला. तुमच्या घरी ठिपक्याचं कुणाला वावडं नसेल, तर माझी तक्रार तुम्हाला किरकोळ वाटेल, आणि ते रास्तच आहे.

निळसर अंड्याचा मोह काहींना फोटो बघून होतो. त्या रंगाचं मूळ मजेशीर आहे. चिलीतल्या अरौकाना आणि चीनमधल्या डोंगशियांग कोंबड्यांच्या जनुकांत एका जुन्या विषाणूचा तुकडा येऊन बसला आणि त्यामुळे बिलिव्हर्डिन टरफलात उतरायला लागलं. दोन्ही ठिकाणी हे स्वतंत्रपणे घडलं, असं २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं. म्हणजे निळा रंग सांगतो तो कोंबडीच्या कुळाचा इतिहास, पौष्टिकपणाचा त्यात भाग नाही. मुंबईच्या बाजारात निळसर-हिरवट दिसलेलं मोठं अंडं मात्र बहुतेक वेळा बदकाचं असतं. चवीला जड, बलक मोठा. ते हवं असेल तर बदकाचं म्हणून घ्यावं.

तर रोजच्याला आमच्याकडे पांढरी येतात, आणि तीही ज्याच्याकडे ट्रे लवकर संपतात अशा दुकानातून, कारण मुंबईच्या उकाड्यात चार दिवस पडून राहिलेल्या अंड्याला कुठलाच रंग वाचवत नाही. गावठी मिळाली तर सोडत नाही, पण ती कुणाच्या अंगणातली आहेत ते माहीत असेल तरच. आणि खोक्यातली ब्राऊन कुणी भेट म्हणून आणलीच, तर त्यांचा केक करतो. प्रत्येक अंडं आधी वाटीत फोडून, सासूबाई स्वयंपाकघरात नसताना.