संगीत खुर्ची की खजिन्याचा शोध? सात वर्षांच्या बारा मुलांसाठी

घरच्या घरी, बेताच्या खर्चात वाढदिवस करायचं ठरलं की केक आणि खाण्याचं गणित लवकर सुटतं. अडतं ते मधल्या तासाभरात मुलांना काय खेळवायचं, यावर. बाहेरून खेळ घेणारा माणूस बोलावायचा नसेल तर दोनच सरळ वाटा राहतात. एक म्हणजे ओळीने ठरलेले खेळ: संगीत खुर्ची, स्टॅच्यू, पासिंग द पार्सल. दुसरी म्हणजे चिठ्ठ्यांवरून चिठ्ठ्या शोधत जायचा खजिना. मी दोन्ही करून पाहिलं आहे. दोन्ही चालतात, पण सारखे चालत नाहीत.

ठरलेल्या खेळांना तयारी जवळजवळ लागत नाही. खुर्च्या घरात असतात, गाणी फोनवर असतात. आयत्या वेळी दोन भावंडं जास्तीची आली तरी काही बिघडत नाही. खजिन्याला मात्र आदल्या संध्याकाळचे दोन तास द्यावे लागतात आणि चिठ्ठ्या लपवताना डोकं ताळ्यावर ठेवावं लागतं. एवढंच पाहायचं असेल तर खुर्ची जिंकते.

माझं मत फिरलं ते 'आऊट' झालेल्या मुलांमुळे. बारा मुलं म्हणजे अकरा खुर्च्या आणि अकरा फेऱ्या. 'मी आधी बसलो' हे भांडण धरून एका फेरीला दीड मिनिट सहज जातं. म्हणजे पहिल्या फेरीत बाद झालेलं मूल साधारण पंधरा मिनिटं भिंतीला टेकून बसतं. सहाव्या फेरीनंतर निम्मी मुलं रिकामी असतात. सात वर्षांचं मूल रिकामं बसत नाही. ते फुगे फोडतं, केकच्या टेबलाखाली शिरतं, नाहीतर खेळणाऱ्यांच्या पायात येतं. पहिल्यांदा बाद होणारं मूल बहुधा लाजरं किंवा सगळ्यांत लहान असतं, आणि नेमकं त्यालाच सगळ्यांत जास्त वेळ बघत बसावं लागतं. खुर्च्यांऐवजी वर्तमानपत्राचे कागद अंथरले, दर फेरीला मूल न काढता फक्त एक कागद काढला आणि उरलेल्या कागदांवर सगळ्यांनी मावायचं ठरवलं, तर हा त्रास बराच कमी होतो. पण मग दहा मिनिटांत खेळ आटोपतो आणि पुढचा काढावा लागतो.

खजिन्यात कोणी बाद होत नाही, पण तो नीट बांधला नाही तर खुर्चीपेक्षा वाईट फसतो. सगळ्यांना एकच चिठ्ठी दिली की वाचनात आणि पळण्यात पुढे असलेलं एकच मूल सगळं शोधतं आणि बाकीचे अकरा त्याच्या मागे धावतात. म्हणून चार-चार मुलांचे तीन गट करावेत. लाल, निळा, हिरवा. प्रत्येक चिठ्ठीवर रंगाबरोबर आकारही काढावा: लालला गोल, निळ्याला चौकोन, हिरव्याला त्रिकोण. काही मुलांना लाल-हिरव्यातला फरक नीट दिसत नाही, आणि घाईत तर कोणीही कुठलीही चिठ्ठी उचलतं.

घरात आठ जागा निवडाव्यात. तिन्ही गट त्याच आठ जागी जातात, पण सुरुवात वेगवेगळ्या ठिकाणी करतात. जागांना एक ते आठ नंबर दिले तर लाल गट एकपासून, निळा चारपासून आणि हिरवा सातपासून निघतो. आठनंतर पुन्हा एक. त्यामुळे एकाच जागी बारा मुलांची झुंबड उडत नाही. पहिली चिठ्ठी गटाच्या हातात द्यायची, पुढच्या सात त्याला सापडत जातात. गटाला आठ चिठ्ठ्या आणि गटात मुलं चार, म्हणजे प्रत्येकाला दोनदा वाचायची पाळी मिळते. ही पाळी आधीच ठरवून सांगावी, नाहीतर चिठ्ठी दोन हातांत फाटते.

या वयात वाचनाचा वेग फार वेगवेगळा असतो. म्हणून चिठ्ठीवर सहा-सात शब्दांपलीकडे जाऊ नये आणि अडलेल्यासाठी कोपऱ्यात छोटं चित्र असावं. 'दोन काटे आहेत, पण टोचत नाहीत' म्हटलं की मुलं घड्याळाकडे धावतात. 'माझ्यात तोंड दिसतं, पण मी बोलत नाही' हेही चालतं, घरात आरसा एकच असेल तर. 'चार पाय आहेत, पण चालत नाही' मात्र टाळावं. घरातली प्रत्येक खुर्ची, टेबल आणि पलंग उलटापालटा होतो, आणि मुलांचं काही चुकलेलं नसतं. उत्तर घरात एकाच वस्तूला लागू पडलं पाहिजे. चिठ्ठी मुलाच्या खांद्यापेक्षा वर नको. गॅसजवळ, औषधांच्या कप्प्यात आणि गॅलरीच्या कठड्यापाशी तर नकोच.

सगळ्यांत जास्त चूक होते ती चिठ्ठी ठेवताना. घड्याळाचं कोडं घड्याळापाशी ठेवलं जातं. ते ठेवायचं असतं त्याच्या आधीच्या जागी. त्यासाठी प्रत्येक चिठ्ठीच्या मागे ती कुठे लपवायची ते पेन्सिलीने लिहावं, लपवताना तेवढंच वाचावं आणि मग खोडून टाकावं. शेवटी एका गटाचा रस्ता स्वतः चालून पाहावा. एक चिठ्ठी चुकली की पुढची साखळी तुटते आणि चार मुलं तुमच्या तोंडाकडे बघत उभी राहतात. लपवणं मुलं यायच्या आधी संपवू नये. लवकर आलेलं मूल पडद्यामागची चिठ्ठी हमखास काढतं. सगळी खात असताना एका मोठ्याने ते उरकावं.

आता शर्यतीचं. पहिला येईल त्या गटाला खजिना दिला तर पुन्हा रडारड. याला सोपा तोडगा आहे. एका मोठ्या कागदावर खजिना लपवलेल्या जागेचं चित्र काढून त्याचे चोवीस तुकडे करायचे, आडवे सहा आणि उभे चार. तीन गटांना आठही जागी एकेक तुकडा मिळतो. चित्र जुळायला सगळे चोवीस लागतात, म्हणून आधी पोचलेला गटही मागच्यांची वाट बघतो, आणि वाट बघताना हातातले तुकडे जुळवत बसतो. कागद कापायच्या आधी त्याचा फोटो काढून ठेवावा. एखादा तुकडा हरवला तर त्यावरून तो पुन्हा काढता येतो.

खर्चातही फरक पडतो. ठरलेल्या खेळांत प्रत्येक खेळाला बक्षीस लागतं, पार्सलच्या प्रत्येक घडीत काहीतरी घालावं लागतं आणि जाताना प्रत्येकाला द्यायची भेट वेगळी. खजिन्याच्या डब्यात बारा सारख्या पुड्या असल्या की बक्षीसही तेच आणि भेटही तीच. पुड्यांवर नावं घालू नयेत आणि दोन जास्तीच्या भरून ठेवाव्यात. आयत्या वेळी आलेलं मूल कुठल्याही गटात पाचवं म्हणून बसतं, चिठ्ठ्या तेवढ्याच राहतात.

मुलं वीसच्या वर असतील, निम्मी चार-पाच वर्षांची असतील किंवा घर एका खोलीचं असेल, तर मी खजिन्याचा आग्रह धरणार नाही. तिथे कागदांची संगीत खुर्ची बरी. आठ ते पंधरा मुलं, दोन-तीन खोल्या आणि मदतीला एखादा मोठा माणूस असेल, तर मला वाटतं आदल्या संध्याकाळचे ते दोन तास काढावेत.