ऑफिसच्या एक्सेल टेस्टमध्ये कोणता लुकअप लिहावा, आणि डॉलर कुठे लावावा

वागळे इस्टेटमधलं छोटं अकाउंट्स ऑफिस असो की ऐरोली-महापे पट्ट्यातली मोठी कंपनी, एमआयएस, बिलिंग किंवा स्टोअरच्या जागेसाठी एक्सेलची टेस्ट घेतली, तर एक प्रश्न बहुधा असतोच. एका बाजूला मागणीची यादी, दुसऱ्या बाजूला दरपत्रक, आणि काम एवढंच की कोडवरून वस्तूचं नाव आणि दर आणायचा. हे व्हीलुकअप, इंडेक्स-मॅच आणि एक्सलुकअप अशा तिन्हींनी करता येतं. तिघांपैकी कोणतं निवडायचं, हे टेस्टच्या खोलीत बसून ठरवायला वेळ नसतो, ते घरूनच ठरवून जावं. मात्र त्यात एक गोष्ट लक्षात ठेवा. उमेदवाराला फंक्शनचं नाव आठवत नाही असं क्वचित होतं. चूक होते ती डॉलरच्या खुणेत, आणि प्रत्येक फंक्शनमध्ये ती वेगळ्या जागी होते.

एक शीट समोर धरू. A कॉलममध्ये मागणीचे कोड, B मध्ये नग, C मध्ये वस्तूचं नाव आणायचंय, D मध्ये दर. दरपत्रक F ते H मध्ये आहे:

```
     F      G            H
1    कोड    वस्तू        दर
2    K112   रजिस्टर      120
3    K118   पेन पाकीट    60
4    K205   फाइल         45
5    K227   कागद रीम     280
6    K310   टोनर         1850
```

A2 पासून A7 पर्यंत मागणी अशी आहे: K310, K112, K227, K118, K310, K205. आता D2 मध्ये बहुतेक जण हे लिहितात:

```
=VLOOKUP(A2,F2:H6,3,FALSE)
```

उत्तर १८५० येतं, बरोबर आहे. मग सेलच्या कोपऱ्यातला चौकोन धरून D7 पर्यंत खाली ओढलं की D3, D5 आणि D7 मध्ये #N/A दिसतं, आणि D4, D6 मध्ये मात्र २८० आणि १८५० अगदी बरोबर. हे अर्धं बरोबर, अर्धं चूक असं उत्तरच माणसाला गोंधळात टाकतं. वाटतं की कोडमध्येच काहीतरी घोळ आहे. घोळ दरपत्रकाच्या रेंजमध्ये आहे. D3 मध्ये ती F3:H7 झाली, म्हणजे K112 ची ओळ वरून निसटली. D5 मध्ये F5:H9 झाली, K118 बाहेर गेला. D7 मध्ये रेंज F7 पासून सुरू होते, तिथे यादीच उरलेली नाही. D6 मधली रेंजही घसरलेलीच आहे, पण K310 यादीत सगळ्यात शेवटी असल्यामुळे तो अजून आत सापडतो. म्हणून फक्त पहिला आणि एखादा मधला सेल तपासून समाधान मानू नका. शेवटच्या सेलवर जा, कीबोर्डवरची F2 की दाबा आणि रंगीत चौकट दरपत्रकाभोवती नीट बसली आहे का ते पाहा. सगळी सूत्रं एकदम बघायची असतील तर Ctrl आणि ` ही की. ही की १ च्या डावीकडे असते, आणि तीच जोडी पुन्हा दाबली की उत्तरं परत दिसतात.

दुरुस्ती म्हणजे रेंज जागेवर बांधणं:

```
=VLOOKUP($A2,$F$2:$H$6,3,FALSE)
```

सूत्र लिहिताना F2:H6 निवडल्यावर लगेच F4 दाबा, दोन्ही टोकांना डॉलर लागतात. दुसऱ्यांदा दाबलं की फक्त ओळ बांधली जाते, तिसऱ्यांदा फक्त कॉलम, चौथ्यांदा सगळं मोकळं. बऱ्याच लॅपटॉपवर F4 ने आवाज किंवा प्रकाश बदलतो, तिथे Fn धरून दाबावं लागतं. टेस्टच्या मशीनवर बसल्या बसल्या हे एकदा करून बघा.

$A2 मध्ये फक्त A च्या आधी डॉलर आहे, तो का? खाली ओढताना ओळ बदलायलाच हवी, A2 चं A3 व्हायला हवं. पण उजवीकडे ओढलं तर कोडचा कॉलम A च राहिला पाहिजे, B होता कामा नये. तोंडी किंवा पर्यायी प्रश्नांत नेमकं हेच विचारतात. C2 मधलं सूत्र E4 मध्ये कॉपी केलं, तर B2 चं D4 होतं, $B2 चं $B4, B$2 चं D$2, आणि $B$2 तसाच राहतो. दोन कॉलम उजवीकडे, दोन ओळी खाली, आणि डॉलरच्या लगेच पुढे जे असेल ते हलत नाही. एवढं डोक्यात बसलं की असा कोणताही प्रश्न कागदावर सुटतो. एक खोच मात्र आहे: हे सगळं कॉपीला लागू आहे. कट करून पेस्ट केलं तर सूत्रातले पत्ते बदलतच नाहीत.

आता खरी तुलना. प्रश्न पुढे असा वाढवतात: ‘एकच सूत्र C2 मध्ये लिहा आणि D7 पर्यंत सगळीकडे ओढा.’ म्हणजे नाव आणि दर दोन्ही एकाच सूत्रातून हवेत. इथे व्हीलुकअप अडतं, कारण त्यातला कॉलम क्रमांक हा नुसता आकडा आहे. C मध्ये २ लिहिलं तर D मध्येही २ च राहतो आणि दराच्या जागी पुन्हा नाव येतं. आकड्याच्या जागी शीर्षक शोधायला लावलं तर हे सुटतं:

```
=VLOOKUP($A2,$F$2:$H$6,MATCH(C$1,$F$1:$H$1,0),FALSE)
```

यासाठी C1 आणि D1 मधली शीर्षकं दरपत्रकातल्या शीर्षकांशी अक्षरशः जुळली पाहिजेत. एकीकडे ‘दर’ आणि दुसरीकडे ‘दर रु.’ असेल तर #N/A.

इंडेक्स-मॅचमध्ये हेच काम अर्धवट डॉलरने होतं:

```
=INDEX(G$2:G$6,MATCH($A2,$F$2:$F$6,0))
```

इथे G च्या आधी मुद्दाम डॉलर लावलेला नाही. उजवीकडे ओढलं की G$2:G$6 चं H$2:H$6 होतं, म्हणजे नावाच्या जागी दर. मोकळा पत्ता इथे आपल्या बाजूने काम करतो. सवयीने सगळीकडे चार-चार डॉलर लावणारा उमेदवार नेमका इथे चुकतो आणि दोन्ही कॉलममध्ये वस्तूचं नावच आणतो. शिवाय हवी ती माहिती कोडच्या डावीकडे असली तरी इंडेक्स-मॅचला फरक पडत नाही. व्हीलुकअप मात्र रेंजच्या पहिल्याच कॉलममध्ये कोड शोधतं आणि त्याच्या उजवीकडचंच आणतं. दरपत्रकाच्या मध्ये कोणी नवा कॉलम घातला, तर व्हीलुकअपमधला ३ हा ३ च राहतो आणि भलत्याच कॉलमचं उत्तर देतो, तेही कोणताही एरर न दाखवता. इंडेक्स-मॅचमधले पत्ते कॉलमबरोबर आपोआप सरकतात.

इंडेक्स-मॅचचा धोका वेगळा आहे आणि तो जास्त वाईट आहे. त्यात रेंज दोन असतात, आणि त्यांची सुरुवात एकाच ओळीला व्हावी लागते. एक H$1 पासून आणि दुसरी $F$2 पासून घेतली, तर उत्तर एक ओळ वर घसरतं. K310 ला १८५० ऐवजी २८० मिळतात आणि K112 समोर दराऐवजी ‘दर’ हा शब्द येतो. #N/A दिसलं तर निदान चूक झालीय हे कळतं. २८० बघून कोणाला शंका येत नाही.

एक्सलुकअपचं सूत्र वाचायला सर्वात सोपं:

```
=XLOOKUP($A2,$F$2:$F$6,G$2:G$6,"यादीत नाही")
```

डॉलरची मांडणी इंडेक्स-मॅचसारखीच. पण दोन रेंजची उंची वेगळी पडली तर ते गुपचूप चुकीचं उत्तर न देता #VALUE! दाखवतं, ही मोठीच सोय. काही सांगितलं नाही तर ते तंतोतंत जुळणारंच शोधतं. व्हीलुकअपमध्ये FALSE विसरलं तर ते जवळचं धरतं. समजा मागणीत चुकून K200 आला, जो यादीत नाहीच, तर FALSE शिवायचं व्हीलुकअप त्याच्या आधीचा K118 धरून ६० रुपये दर लावून मोकळं होतं. मॅचमधला शेवटचा ० विसरला तरी तेच.

मग सगळ्यांनी एक्सलुकअपच का लिहू नये? कारण ते एक्सेल २०१६ आणि २०१९ मध्ये नाही. २०२१ पासूनच्या आवृत्त्यांत आणि मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये आहे. टेस्टच्या मशीनवर जुनं एक्सेल असेल तर #NAME? येईल. तपासायला काही क्षण लागतात: रिकाम्या सेलमध्ये =XLO टाइप करा, खाली नाव सुचवलं गेलं तर आहे, नाहीतर नाही.

आमचा सल्ला असा. प्रश्नातच फंक्शनचं नाव दिलं असेल तर तेच वापरा. व्हीलुकअप मागितलं असताना दुसरं लिहून बरोबर उत्तर आणलं तरी गुण मिळतीलच असं नाही. नाव दिलं नसेल आणि मशीनवर एक्सलुकअप असेल तर तेच घ्या, त्यात चुकायच्या जागा सगळ्यात कमी. नसेल तर इंडेक्स-मॅच, पण दोन्ही रेंजच्या सुरुवातीच्या ओळी एकदा बोट ठेवून जुळवा. टेस्टला दोन-तीनच दिवस उरले असतील आणि हाताला एकच सवय लावायची असेल, तर मात्र व्हीलुकअपच पक्कं करा, चार डॉलर आणि FALSE सकट. ते सगळ्या आवृत्त्यांत चालतं आणि प्रश्नांत नावानिशी तेच जास्त येतं.

TRUE जिथे खरोखर हवं असतं ती जागा एकच: टप्प्यांचे प्रश्न. नग ०, १०, ५०, १०० असे टप्पे आणि त्यानुसार सूट. तिथे टप्पे चढत्या क्रमाने हवेत आणि पहिला टप्पा ० हवा, नाहीतर ७ नगांना #N/A येतं. एक्सलुकअपमध्ये याच कामासाठी पाचव्या जागी -1 लिहितात.

डॉलर सगळे जागेवर असूनही एखाद्याच ओळीत #N/A राहिलं, तर परीक्षकाने मुद्दाम पेरलेली जागा शोधा. बहुतेकदा कोडच्या शेवटी एक रिकामी जागा असते. समजा D5 मध्ये #N/A आहे आणि A5 मधला कोड डोळ्यांना K118 च दिसतोय, तर रिकाम्या सेलमध्ये हे लिहा:

```
=LEN(A5)
```

उत्तर ४ ऐवजी ५ आलं तर चोर सापडला. सूत्रात $A2 च्या जागी TRIM($A2) लिहून पुन्हा ओढा. रिकामी जागा दरपत्रकाच्या बाजूला असेल तर हे पुरत नाही, तिथला कोडच दुरुस्त करावा लागतो. कोड नुसते आकड्यांचे असतील, जसे 1042, आणि लांबी बरोबर असूनही जुळत नसेल, तर एका बाजूला तो आकडा मजकूर म्हणून साठवलेला असतो. सेलच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात छोटा हिरवा त्रिकोण दिसला तर शंका तीच घ्या. मजकूर मागणीच्या बाजूला असेल तर VALUE($A2) लिहून काम होतं. दरपत्रकाच्या बाजूला असेल तर शीर्षक सोडून त्या कॉलममधले कोड निवडा, त्रिकोणाशेजारच्या पिवळ्या खुणेवर क्लिक करा आणि Convert to Number घ्या. सूत्राला हात लावायची गरज उरत नाही.